महिनाभर उत्तर आलं नाही तर

सप्रेम आशीर्वाद,

वेर्ण्याच्या औषध कंपनीतल्या कॉलेजच्या सीनियरला रेफरलसाठी लिहून महिना झाला, उत्तर नाही, आता पुन्हा विचारलं तर बरं दिसेल का, असं तू विचारलंस. जरूर विचार. तुझा मेसेज ऐन चतुर्थीच्या तोंडावर गेला होता. तेव्हा माणसं गावच्या घरी माटोळी बांधण्यात गुंतलेली असतात. शिवाय लिंक्डइनवर तुम्ही जोडलेले नसाल, तर मेसेज वेगळ्या ‘रिक्वेस्ट’मध्ये पडून राहू शकतो आणि तिकडे कितीतरी जण फिरकतच नाहीत. म्हणून गप्प राहणं म्हणजे नकार, असं धरू नकोस.

मला खरी अडचण वेगळीच दिसते. ‘माझ्याजोगं काही असेल तर बघा’ असं तू लिहिलंस. रेफर करणाऱ्याला कंपनीच्या पोर्टलवर बहुधा ठरावीक जागेचा जॉब आयडी आणि तुझा रेझ्युमे टाकावा लागतो, तुमची ओळख कशी तेही कधी कधी लिहावं लागतं. हे सगळं त्यांनीच शोधायचं म्हटल्यावर काम उद्यावर जातं.

आधी कंपनीच्या करिअर पानावर ती जागा अजून उघडी आहे का ते बघ. महिन्याभरात बंद झाली असेल तर दुसरी शोध. मग जुन्या मेसेजखालीच हे लिही:

‘नमस्कार सर. क्वालिटी कंट्रोलची ही जागा (लिंक आणि जॉब आयडी) अजून खुली दिसते. रेझ्युमे जोडला आहे. बी.फार्म. झालं आहे, सहा महिने एचपीएलसीवर काम केलं आहे. रेफर करणं जमण्यासारखं असेल तर आभारी राहीन. जमणार नसेल तरी काही हरकत नाही, कळवलं नाहीत तरी चालेल. शुक्रवारनंतर मी थेट अर्ज करीन.’

त्यातलं शेवटचं वाक्य गाळू नकोस. त्यामुळे त्यांच्यावरचं ओझं उतरतं आणि तुझंही अडून राहत नाही. तारीख मात्र जागेची मुदत बघून घाल. आणि त्याआधी घाईने अर्ज करू नकोस. बऱ्याच कंपन्यांत एकदा थेट अर्ज गेला की त्यावर मागाहून रेफरल लागत नाही.

‘आपण विसरलात वाटतं’, ‘मी रोज वाट बघते’ असलं काही लिहू नकोस. उशिराबद्दल माफीही मागू नकोस, त्याने समोरचाच ओशाळतो. आणखी एक, आपल्या गोव्यात हे फार होतं: जत्रेत त्यांची मावशी भेटली म्हणून आईकरवी निरोप पाठवू नकोस. मग नाही म्हणायला त्यांना वाटच उरत नाही.

शुक्रवार उलटला की शनिवारी सकाळी अर्ज भर. तिसरा मेसेज नको. नंतर त्यांचं उत्तर आलंच, तर थेट अर्ज केल्याचं आधी सांग, म्हणजे पोर्टलवर त्यांची फुकट खटपट होणार नाही.