रजिस्टरात आयएमईआय आता भरू का?

"माझं मोबाइलचं दुकान आहे, जुने फोनही घेतो-विकतो. गेल्या वर्षी ओळखीच्या एका मुलाकडून साडेचार हजाराला घेतलेला फोन सात हजाराला विकला. तो चोरीचा निघाला. पोलिसांनी गिऱ्हाइकाकडून जप्त केला आणि मला रजिस्टर घेऊन बोलावलंय. त्यात फक्त मॉडेल आणि रक्कम आहे. आयएमईआयचा रकाना आता भरला तर चालेल का?"

नाही. रजिस्टर आहे तसंच राहू द्या.

भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७, म्हणजे पूर्वीचं ४११, फक्त माल चोरीचा निघाला म्हणून लागत नाही. तो चोरीचा आहे हे तुम्हाला माहीत होतं, किंवा तसं मानायला कारण होतं, आणि तरी बेइमानीने घेतलात, हे सिद्ध व्हावं लागतं. म्हणजे सगळा प्रश्न खरेदीच्या दिवसाचा. बिल, खोका मागितलात का? त्या मॉडेलचा तेव्हाचा जुन्या बाजारातला भाव काय होता? कोरा रकाना फार तर निष्काळजीपणा दाखवतो. मागाहून भरलेला रकाना मात्र लपवाछपवी दाखवतो, शिवाय खोटा पुरावा तयार केल्याचं कलम २२८-२२९ मागे लागू शकतं. तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते, ३१७ खाली तीन. दोन मिनिटांचं काम तेव्हा केलं असतंत तर हे पत्रच लिहावं लागलं नसतं.

आता त्या दिवसाचे कागद शोधा. मुलाला पैसे यूपीआयने दिले असतील तर बँकेचा उतारा काढा. त्याच्याशी झालेलं चॅट पुसू नका, तो फोनही बदलू नका. स्क्रीनशॉट कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. गिऱ्हाइकाला दिलेल्या बिलाची प्रत पाहा. खरेदीच्या वहीत आळस करणारे दुकानदारही विक्रीच्या बिलावर बहुतेकदा आयएमईआय टाकतात.

बोलावणं तोंडी असेल तर लेखी मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, म्हणजे हजर राहण्याची, नोटीस असेल तर तारीख चुकवू नका: नोटीस पाळणाऱ्याला सहसा अटक करत नाहीत, करायची तर कारणं नोंदवावी लागतात. रजिस्टर देताना सगळ्या पानांची झेरॉक्स ठेवा, पोच घ्या. पुढचं त्या मुलाच्या जबाबावर आहे. ते आज कुणी सांगू शकणार नाही. गिऱ्हाइकाचे सात हजार मात्र परत करा, पावती घ्या. मालकी नसलेला माल विकल्याची जबाबदारी तुमचीच.

यापुढे खोक्यावरचा नंबर उतरवू नका. फोनवर *#06# दाबून येणारे दोन्ही आयएमईआय घ्या, KYM, एक जागा सोडून नंबर, असा एसएमएस 14422 वर पाठवा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. नंबर ब्लॅकलिस्टेड आला तर फोन घेऊ नका. वॉरंटीत कंपनीने बोर्ड बदलला तर आयएमईआयही बदलू शकतो. अशा वेळी जुनी नोंद खोडू नका. नवा नंबर त्या दिवसाच्या तारखेने खाली लिहा आणि सर्व्हिस सेंटरची जॉबशीट त्याच पानाला टाचा.