जोर दिला की बाहेर येणारा गोळा: मूळव्याध की गुदभ्रंश?

प्रश्न: आजी 72 वर्षांची आहे. संडासला जोर दिला की मऊ गोळा बाहेर येतो, हाताने आत ढकलावा लागतो. मूळव्याधच ना?

उत्तर: असेलच असं नाही. आधी गोळा गुदद्वारातून येतो की योनीतून ते पाहा. आपल्या खान्देशात 'अंग बाहेर येतं' म्हटलं की पुष्कळदा गर्भाशय असतं.

चोपड्याकडच्या एका आजींनी दोन वर्षं मूळव्याधीचं मलम लावलं. टेबलावर झोपवून तपासलं तर काहीच दिसेना. मग उकिडवं बसवून जोर द्यायला लावला, तेव्हा चार बोटं लांब लाल आतडं बाहेर आलं. त्यावर बांगड्यांसारख्या एकात एक गोल वळ्या होत्या. हा पूर्ण गुदभ्रंश. मूळव्याधीचे कोंब वेगवेगळे असतात आणि मधल्या खाचा चाकाच्या आऱ्यांसारख्या बाहेर जातात. गोळा बाहेर असताना मोबाइलवर फोटो काढा, डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

पूर्ण गुदभ्रंश मलमाने जात नाही, ऑपरेशनच लागतं. वय जास्त असेल तर कमरेत भूल देऊन पोट न उघडता खालूनही करता येतं. शेंबडासारखा चिकट स्राव, कपडे खराब होणं ही याची लक्षणं; आजी ती लाजेने सांगत नाही, तुम्ही विचारा.

लहान मुलांत मूळव्याध क्वचितच. तिथे गुदभ्रंश असेल तर बद्धकोष्ठ, जुलाब किंवा जंत हे कारण बरं केलं की बहुतेकांचं आपोआप थांबतं.

गोळा आत जाईना किंवा काळा-निळा पडला तर त्याच दिवशी सर्जन गाठा.