चिकटलेला गॉज ओढू नकोस

सोलापूरच्या उन्हाळ्यात गुडघ्याच्या जखमेवरचा गॉज दुसऱ्या दिवशी पापडासारखा कडक होतो. त्याच्या जाळीत जखमेचा स्राव वाळलेला असतो आणि नवी कातडीही अडकलेली असते. ओढलास की तीच उपटते.

वरचे सुटे थर आधी काढ. चिकटलेल्या थरावर नॉर्मल सलाइन सोड, गॉज चिंब होऊ दे आणि पाच-दहा मिनिटं थांब. इथेच सगळे घाई करतात, मागे पेशंटची रांग असते ना! मग एका हाताने कातडी धरून कडेपासून मध्याकडे, जखमेला समांतर हळूहळू सोडव. ताण जाणवला किंवा ताजं रक्त दिसलं, तर थांबून पुन्हा भिजव. नवीन ड्रेसिंगला खाली न चिकटणारा पॅराफिन गॉज घाल. टाके, ड्रेन किंवा आत भरलेला पॅक असेल तर आधी डॉक्टरांना विचार.