प्राधान्याचं पत्र हातात आहे, पण लिलाव सुरू झाला आहे

प्रश्न : वकीलसाहेब, रस्ता रुंदीकरणात इंदूरच्या राजवाड्याजवळचं आमचं २४ वर्षांचं पूजासाहित्याचं दुकान गेलं. ज्या सरकारी संस्थेचे आम्ही भाडेकरू, तिनं २०२२ मध्ये पत्र दिलं : ‘बाधित दुकानदारांना नवीन संकुलात प्राधान्याने दुकान देण्यात येईल. हरकती व सुनावणीनंतर अंतिम यादी जाहीर होईल.’ नोंदणीचे २५ हजारही भरले. सुनावणी झालीच नाही आणि सगळी दुकानं लिलावानं द्यायचा ठराव झाला. त्याला ११ महिने झाले. १८ पैकी १० दुकानं विकली गेली. मी तीन अर्ज दिले, उत्तर नाही. वचन लेखी आहे, मग दुकान मिळणारच ना?

उत्तर : ताई, ‘मिळणारच’ असं मी म्हणू शकत नाही. अजून आठ दुकानं शिल्लक आहेत, आणि तुमचं सगळं प्रकरण त्या आठांवर उभं आहे. शेवटचं दुकान विकलं गेलं की उत्तम युक्तिवादाचाही उपयोग फार थोडा उरेल. म्हणून कायदा सांगायच्या आधी हे सांगतो : येत्या दहा-पंधरा दिवसांत उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका, म्हणजे सरकारी संस्थेच्या निर्णयाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात करायची याचिका, दाखल व्हायला हवी.

तीन अर्ज देऊन तुम्ही वाट पाहत बसलात, याचं मला खरंच वाईट वाटतं. मल्हारगंजातून, जेल रोडवरून अशीच पत्रं माझ्याकडे येतात. माणूस साहेबांकडे अर्ज देतो, पोच घेतो आणि आपण काहीतरी केलं या समाधानात वर्ष घालवतो. रिटला ठरावीक मुदत नाही हे खरं, पण उशिराचं कारण कोर्ट विचारतंच. नुसते अर्ज देत राहिल्यानं उशीर माफ होत नाही, आणि जुन्या अर्जाला उशिरा उत्तर आलं म्हणून दाव्यात नव्यानं जीव येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये सी. जेकब प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं आहे. तेव्हा चौथा अर्ज देऊ नका.

आता ते पत्र. त्यात दोन वाक्यं आहेत आणि कायद्याच्या नजरेत ती दोन वेगळी आश्वासनं आहेत. तुम्ही पहिल्यावर बोट ठेवता, मी दुसऱ्यावर ठेवीन.

‘प्राधान्याने दुकान देण्यात येईल’ हे प्रत्यक्ष लाभाचं आश्वासन. ‘हरकती व सुनावणीनंतर अंतिम यादी’ हे कार्यपद्धतीचं. लेजिटिमेट एक्स्पेक्टेशन, म्हणजे वैध अपेक्षा, या तत्त्वाच्या अशा दोन बाजू आहेत. सरकारी संस्थेनं स्पष्ट शब्द दिला किंवा वर्षानुवर्षं एकच रीत पाळली, तर तो शब्द किंवा ती रीत एकाएकी मोडता येत नाही, कारण तो समानतेची हमी देणाऱ्या अनुच्छेद १४ च्या विरुद्ध जाणारा मनमानीपणा ठरू शकतो. पण अपेक्षा हा स्वतः हक्क नव्हे. कार्यपद्धतीची अपेक्षा मोडली तर कोर्ट म्हणतं, निर्णय बाजूला ठेवा आणि आधी या माणसाचं ऐकून घ्या. लाभाची अपेक्षा मोडली तर कोर्टाला लाभच द्यायला सांगावं लागतं, आणि तिथे त्याचा हात बराच आखडतो.

दुसऱ्या वाक्यासाठी आपल्याकडे १९९२ चा नवज्योती गृहनिर्माण संस्थेचा निकाल आहे. दिल्लीत गटगृहनिर्माण संस्थांना नोंदणीच्या तारखेनुसार ज्येष्ठता देऊन भूखंड मिळत होते. १९९० मध्ये एकदम नवा निकष आला : सभासदांची अंतिम यादी मंजूर झाल्याची तारीख. जुन्या संस्था मागे पडल्या. जुन्या रीतीमुळे संस्थांची वैध अपेक्षा तयार झाली होती, ती बदलण्याआधी त्यांना म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी होती, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. तिथे नुसती रीत होती. तुमच्याकडे तर ‘सुनावणी’ हा शब्दच सहीशिक्क्यानिशी आहे. संस्थेकडे सुनावणीची एकही नोटीस, एकही तारीख नसेल, तर या मुद्द्यावर तिला उत्तर देणं जड जाईल.

पण सुनावणी म्हणजे दुकान नव्हे, हे आत्ताच समजून घ्या. तुमचं ऐकून घेऊन, कारणं लिहून संस्था पुन्हा लिलावाचाच निर्णय घेऊ शकते. म्हणून पहिलं वाक्यही लढवावं लागेल, आणि तिथे समोरून ‘व्यापक सार्वजनिक हित’ येणार. ते म्हणतील, लिलावानं महसूल जास्त मिळतो, व्यवहार पारदर्शी होतो, ओळखीपाळखीनं वाटप होत नाही. यातलं काहीच खोटं नाही. त्यांचे वकील २०१९ चा केरळ स्टेट बेव्हरेजेसचा निकालही दाखवतील. केरळनं १९९६ मध्ये अरक या देशी दारूवर बंदी घातली, कामगार बेकार झाले, पुढे त्यांना २५ टक्के रोजंदारी जागांचं आश्वासन मिळालं आणि मग सरकारनं धोरण बदललं. कामगार सर्वोच्च न्यायालयात हरले, कारण धोरण बदलण्यामागे सार्वजनिक हित आहे हे कोर्टाला पटलं. विस्थापितांना दिलेला शब्दही मोडता येतो, तो असा.

आपला आधार २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा शिवनंदन निकाल. केरळमध्ये जिल्हा न्यायाधीशांच्या निवडीत मुलाखतीला किमान गुणांची अट नाही असं योजनेत स्पष्ट होतं. मुलाखती उरकल्यावर उच्च न्यायालयाच्या प्रशासनानं तशी अट घातली आणि एकूण गुणांत वर असलेले काही उमेदवार बाहेर पडले. चांगले न्यायाधीश मिळावेत हे सार्वजनिक हित सांगितलं गेलं. घटनापीठानं ते कारण मानलं नाही आणि उमेदवारांची प्रत्यक्ष लाभाचीच अपेक्षा मोडली असं ठरवलं. आपल्या कामाचं त्यातलं सूत्र हे की सार्वजनिक हित नुसतं तोंडानं म्हणून भागत नाही. ज्या संस्थेनं अपेक्षा मोडली, तिनं ते हित कागदांनिशी कोर्टापुढे दाखवायचं असतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न ठरावाच्या फाइलबद्दल आहे. ११ महिन्यांपूर्वी लिलाव ठरला तेव्हा टिपणीत काय लिहिलं होतं? बाधित दुकानदार किती, त्यांना प्राधान्य दिलं तर महसूल किती घटेल, दुसरा मार्ग आहे का, यातलं काही तिथे असेल तर आपली बाजू हलकी होते. पत्राचा उल्लेखच नसेल तर तुमचा शब्द तोलून-मापून मोडलेला नाही, तो त्यांच्या लक्षातही नव्हता, असं म्हणता येतं. नंतर शपथपत्रात लिहिलेली सुंदर कारणं त्यांना सहसा वाचवत नाहीत. आदेशाची वैधता आदेशातल्या कारणांवर तपासायची, मागाहून जोडलेल्या कारणांवर नाही, हे १९७७ च्या मोहिंदरसिंग गिल निकालाचं तत्त्व आहे. माहिती अधिकारात ठराव आणि टिपणी मागा, पण उत्तराच्या ३० दिवसांसाठी याचिका अडवू नका. मूळ फाइल कोर्टासमोर मागवावी, अशी प्रार्थना रिटमध्येच करता येते.

दोन ठिकाणी मी सावध आहे. संस्थेच्या मालमत्ता वाटपाच्या नियमांत ‘फक्त जाहीर लिलाव’ असेल, तर पत्रातलं आश्वासन त्या नियमावर मात करू शकत नाही. कायद्याच्या विरुद्ध वैध अपेक्षा उभी राहत नाही. आणि ज्या अधिकाऱ्यानं सही केली त्याच्यामागे सक्षम मंडळाचा ठराव नसेल, तरीही पाय लटपटतो. हे दोन्ही कागद पाहिल्याशिवाय पहिल्या वाक्याचं भवितव्य मी सांगणार नाही. वचन-प्रतिबंध, म्हणजे प्रॉमिसरी इस्टॉपेल, हा मुद्दा जोडीला घेऊ : शब्दावर विसंबून कुणी पाऊल उचललं, तर शब्द देणाऱ्याला सहजासहजी मागे फिरता येत नाही. पत्रावर विसंबून तुम्ही पैसे भरले आणि जुनं दुकान स्थगिती न मागता रिकामं केलंत, असं तुमच्या कागदांवरून दिसतं, ते तिथे उपयोगी पडेल.

मागणी कशी लिहायची यावर बरंच अवलंबून आहे. ‘प्राधान्य’ म्हणजे जुन्या भाड्यात किंवा स्वस्तात दुकान, असं पत्रात कुठेही नाही. तेव्हा मुख्य मागणी सुनावणीची आणि प्राधान्याच्या विचाराची ठेवा. पर्यायी मागणी अशी ठेवा की लिलावात जी सर्वोच्च बोली येईल, त्या रकमेला ते दुकान आधी बाधितांना विचारावं आणि त्यांनी नाही म्हटलं तरच बोली लावणाऱ्याला द्यावं. यात संस्थेचा एक रुपयाही बुडत नाही, मग महसुलाचं कारण कितीसं उरतं? ती रक्कम तुम्हाला झेपेल का, हे मात्र घरी बसून आधी ठरवा. कोर्टात विचारतील तेव्हा गप्प राहून चालणार नाही.

विकल्या गेलेल्या दहा दुकानांच्या वाटेला जाऊ नका. त्या लोकांनी पैसे भरलेत, त्यांना पक्षकार केल्याशिवाय त्यांच्याविरुद्ध आदेश मिळणार नाही, आणि दहा नोटिसा बजावण्यातच महिने जातील. शिवनंदनमध्ये उमेदवारांवर अन्याय झाला असं घटनापीठानं मान्य केलं, पण सहा वर्षं न्यायाधीशाचं काम करत असलेल्यांना काढणं सार्वजनिक हिताचं नाही म्हणून जिंकलेल्यांना ती पदं दिली नाहीत. बरोबर ठरूनही हात रिकामे राहतात, ते असे. आपली कोर्टं किती सावकाश चालतात हे मी रोज पाहतो आणि त्याचा मला त्रास होतो. म्हणून अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, आदेशाची मागणी अंतिम मागणीइतकीच काळजीनं लिहावी लागते. उरलेल्या आठांचा लिलाव थांबवा, ते शक्य नसेल तर निदान एक दुकान याचिकेच्या निकालापर्यंत राखून ठेवा, आणि तेही नाही तर यापुढचं वाटप निकालाच्या अधीन आहे असं लिहून द्या. माझ्या अनुभवात ‘एक दुकान राखा’ ही मागणी न्यायमूर्तींना पटायला सर्वांत सोपी जाते, कारण तिनं बाकी संकुल अडत नाही.

तुमच्यासारखे आणखी बाधित दुकानदार असतील तर त्यांनाही सांगा. एकाचा निकाल लागेपर्यंत कुंपणावर बसणाऱ्यांना नंतर त्याचा फायदा मिळेलच असं नाही.

येताना मूळ पत्र, २५ हजारांची पावती, जुन्या दुकानाच्या भाड्याच्या पावत्या आणि ठरावाची मिळेल ती प्रत आणा. तिन्ही अर्जांच्या पोचाही आणा, ११ महिन्यांचा हिशेब देताना तेवढ्यापुरता त्यांचा उपयोग होईल. पुढच्या लिलावाची जाहिरात वर्तमानपत्रात आली असेल तर ते कात्रण सर्वांत वर ठेवा, कारण तातडीची सुनावणी मागताना मला पहिल्यांदा तेच दाखवायचं आहे.