प्रेशर गेजचं हिस्टेरिसिस डेड वेट टेस्टरवर कसं तपासायचं?

प्रश्न: ० ते १० बारचा बोर्डन गेज आहे. टेस्टरच्या पिस्टनवर वजनं चढवताना आणि उतरवताना एकाच दाबाला वेगळं रीडिंग येतं, म्हणजे हिस्टेरिसिस दिसतं. गेज बाद करायचा का?

उत्तर: लगेच नको. आधी गेज दोन-तीन वेळा १० बारपर्यंत नेऊन शून्यावर आणा. मग ०, २, ४, ६, ८, १० असं चढत जा, वर थोडं थांबा आणि त्याच बिंदूंवरून उतरा. प्रत्येक वेळी पिस्टन तरंगायला हवा आणि वजनं हाताने हळू फिरवत ठेवायची, नाहीतर टेस्टरचंच घर्षण रीडिंगमध्ये येतं.

उतरताना बहुतेकांची चूक होते: दाब ६ च्या खाली जातो आणि पंप मारून परत वर आणतात. मग ते रीडिंग उतरतीचं राहत नाही. तो फेरा पुन्हा १० पासून घ्या.

समजा ६ बारला चढताना ५.९२ आणि उतरताना ६.०८ आलं. फरक ०.१६. गेज १.६ क्लासचा, म्हणजे पूर्ण रेंजच्या १.६ टक्के चुकीची मुभा असलेला असेल, तर मर्यादाही ०.१६ बारच, म्हणजे गेज अगदी काठावर पास.

आता काचेवर बोटाने हलकी टिचकी मारा. काटा सरकला आणि फरक कमी झाला, तर दोष दात्यांच्या किंवा लिंकच्या घर्षणाचा, साफसफाईने सुधारतो. टिचकीनंतरही फरक तसाच राहिला तर तो गेजमधल्या बोर्डन नळीच्या धातूतला आहे, आणि काटा काढून बसवल्याने तो जात नाही.

ऑक्सिजनचा गेज मात्र तेलाच्या टेस्टरवर कधीच लावू नका.