मृत्युलेखासाठी घरच्यांशी बोलताना: ‘हो’ या उत्तरावर थांबू नका

*आमच्या संस्थेच्या मासिकासाठी परवा वारलेल्या एका ज्येष्ठ सदस्यांवर मृत्युलेख लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. आठशे शब्द, चार दिवस. घरच्यांना फोन करायचा धीर होत नाहीये. काय विचारू, किती विचारू, आणि लिहून झाल्यावर त्यांना दाखवू का?*

फोन आजच करा. पहिल्या दोन दिवसांत घरात माणसं असतात आणि गेलेल्या माणसाबद्दलच बोलणं चाललेलं असतं. आठवड्यानंतर घर रिकामं होतं आणि तेव्हा तेच प्रश्न जास्त टोचतात. घरातल्या कुणा एकाशीच बोलायचं ठरवा, शक्यतो मुलगी, भाऊ, पुतण्या असा जवळचा पण थोडा सावरलेला माणूस. पती किंवा पत्नीला पहिला फोन नको. सुरुवातीलाच कोण बोलतोय, कशासाठी, किती वेळ लागेल ते सांगा: “पंधरा मिनिटं लागतील. आत्ता नको असेल तर उद्या करतो.” आजवर मला नाही म्हणणारे फार थोडे भेटले. उद्या करा म्हणणारे पुष्कळ भेटले, आणि त्यांना दुसऱ्या दिवशी न विसरता फोन करणं ही तुमची जबाबदारी.

त्याआधी एक खात्री करून घ्या. बातमी ज्या निरोपातून आली त्यातल्या नंबरावर नव्हे, संस्थेच्या नोंदीत असलेल्या नंबरावर फोन लावा, म्हणजे गेलेली व्यक्ती तीच आहे हे पक्कं होईल. १८९७ मध्ये मार्क ट्वेन लंडनमध्ये असताना ते गंभीर आजारी आहेत, अशी अफवा उठली होती. आजारी होते ते त्यांचे नातेवाईक जेम्स रॉस क्लेमन्स. ट्वेन यांचं खरं आडनावही क्लेमन्सच. आडनावाच्या सारखेपणातून असा घोटाळा आजही होतो.

आता मूळ मुद्दा. शोकातला माणूस खोटं बोलत नाही, पण तो जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणतो. “त्या १९६८ साली नोकरीला लागल्या ना?” हो. “दोन मुलं, ना?” हो. त्याला विचार करायची ताकद नसते, आणि समोरच्याला माहीत असेल असं वाटून तो मान डोलावतो. म्हणून ‘हो’ म्हणून सुटता येईल असा प्रश्न विचारूच नका. “नोकरी कुठल्या साली लागली?” असं विचारा आणि उत्तरासाठी थांबा. आठवत नसेल तर आठवत नाही असंच उत्तर येईल, आणि ते चुकीच्या सालापेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे.

हे सगळं कसं चालतं ते मी लिहिलेल्या एका लेखावरून सांगतो. गेलेल्या बाई निवृत्त परिचारिका होत्या, भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात त्यांनी अनेक वर्षं काढली होती. मी त्यांच्या थोरल्या मुलीशी बोललो.

तारखांपासून सुरुवात केली नाही. आधी विचारलं, “घरी त्यांना काय म्हणायचात?” यावर माणूस बोलता होतो. तारखा शेवटी ठेवतो, कारण त्यासाठी उठून कागद शोधावा लागतो आणि एकदा माणूस उठला की गप्पांचा धागा तुटतो. मुलगी म्हणाली, आई एकोणऐंशी वर्षांची होती. नंतर कागदावरून तिनं जन्मतारीख वाचून दाखवली: नोव्हेंबर १९४४. निधन मार्च २०२३ मधलं, म्हणजे पूर्ण झालेली वर्षं अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशीवं चालू. मराठीत इथे हमखास गफलत होते. “वयाच्या ७९व्या वर्षी” हे बरोबर, “७९ वर्षांच्या होत्या” हे चूक, आणि घाईत लिहिताना आपण एकाचं दुसरं करून टाकतो. वय कुणाच्याही तोंडून घेऊ नका. दोन तारखा घ्या आणि वजाबाकी स्वतः करा.

मग ती अभिमानानं म्हणाली, “त्या कक्षाची प्रमुख झालेली आई पहिली बाई.” ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘संस्थापक’ हे तीन शब्द ऐकले की मी वहीत शेजारी फुली मारतो. घरात वर्षानुवर्षं सांगितल्या गेलेल्या गोष्टी हळूहळू मोठ्या होतात, त्यात कुणाचा दोष नसतो. अशा दाव्याला घराबाहेरचा पुरावा लागतो: जुनी स्मरणिका, वार्षिक अहवाल, नेमणुकीचं पत्र किंवा त्याच काळात तिथे काम केलेला माणूस. मी त्यांच्या एका जुन्या सहकारी बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, आधी आणखी एक बाई प्रमुख होत्या, ह्या दुसऱ्या. पण लगेच त्यांनी जे सांगितलं त्यावर अख्खा लेख उभा राहिला. कक्षात नवी परिचारिका आली की बाई तिला पहिल्याच दिवशी रिकाम्या खाटेवर दहा मिनिटं उताणं झोपायला लावत. “रुग्णाला दिवसभर काय दिसतं ते बघ,” म्हणत. उठल्यावर विचारत, काय दिसलं? दिव्याचा उजेड थेट डोळ्यात येतो असं एकीनं सांगितल्यावर त्यांनी दिवे हलवून घेतले होते.

‘पहिल्या’ हा शब्द गेला, पण तो गेलाय हे छापण्यापूर्वी मुलीला सांगणं माझं काम होतं. लेखातून तिला ते कळता कामा नये. मी म्हटलं, “त्यांच्या आधी एक बाई प्रमुख होत्या असं सहकारी सांगतात, म्हणून मी ‘पहिल्या’ लिहीत नाही. पण त्या नव्या मुलींना खाटेवर झोपवायच्या ते लिहितोय.” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हे आम्हाला माहीतच नव्हतं.”

मृत्युलेखाचा सूर विशेषणांवर कधीच ठरत नाही. मनमिळाऊ, शिस्तप्रिय, हरहुन्नरी, अजातशत्रू हे शब्द कुणीतरी फोनवर उच्चारतंच. तेव्हा एकच प्रश्न विचारा: “कशावरून?” उत्तरात प्रसंग येतो, तो लिहा आणि विशेषण काढून टाका. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं बळी गेलेल्यांवर साधारण दोनशे शब्दांची छोटी शब्दचित्रं छापली होती. त्यांत पदं आणि पदव्या जवळपास नव्हत्याच, एखादी सवय किंवा एखादा छंद असायचा, आणि माणूस डोळ्यांसमोर उभा राहायचा. कठोर बाजूही अशीच हाताळता येते. बाई रागीट होत्या का, असं मी विचारलं नाही. “त्यांच्या हाताखाली काम करणं सोपं होतं का?” असं विचारलं. सहकारी हसल्या आणि म्हणाल्या, पाळीला पाच मिनिटं उशीर झाला की दारातूनच परत पाठवायच्या. मी तेवढंच लिहिलं. मुलीनं ऐकून सांगितलं, “घरीपण तशीच होती.” पोकळी निर्माण झाली, काळाच्या पडद्याआड गेल्या, प्राणज्योत मालवली, ही वाक्यं कुणाच्याही लेखात चिकटवता येतात, म्हणून ती टाळा. ‘निधन झालं’ पुरेसं आहे.

‘अल्पशा आजाराने’ हेही सवयीनं लिहू नका. माणूस दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला असताना ते वाचून शुश्रूषा करणाऱ्याला काय वाटत असेल, याचा विचार करा. कारण लिहायचं की नाही आणि कोणत्या शब्दांत, ते घरच्यांना थेट विचारा. नको म्हणाले तर लिहू नका, पण खोटं कारणही देऊ नका. आत्महत्या असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या सूचना स्पष्ट आहेत: पद्धत आणि जागा लिहायची नाही, आणि एकाच कारणावर बोट ठेवायचं नाही. मृत्युलेखात तर त्याची गरज मुळीच नसते.

सगळ्यात जास्त जखम ‘त्यांच्या पश्चात’नं सुरू होणारं वाक्य करतं. सुरुवातीच्या काळात मी एका लेखात घरच्यांनी दिलेली यादी जशीच्या तशी छापली. अंक निघाल्यावर एका माणसाचा फोन आला. तो शांतपणे म्हणाला, “मीही त्यांचाच मुलगा आहे.” पहिल्या लग्नातला. त्याचं नाव गाळायचा घरच्यांचा हेतू होता की ते राहून गेलं, हे मी कधीच विचारलं नाही, पण चूक माझी होती. तेव्हापासून यादी ऐकून झाली की मी सरळ विचारतो, “आधीचं लग्न, दत्तक मूल, आधी गेलेलं मूल, संपर्कात नसलेलं कुणी, असं काही आहे का?” एका दमात, सगळ्यांना, त्याच शब्दांत. रोजचा प्रश्न असल्यासारखा विचारला की तो कुणाला बोचत नाही. कुणाचं नाव लिहायचं नाही असं घरच्यांनी ठरवलं, तर मग आकडाही लिहू नका: ‘दोन मुलं’ऐवजी नुसतं ‘परिवार’ लिहा. वगळणं त्यांच्या हातात आहे, खोटा आकडा छापणं तुमच्या हातात असू नये.

या बाईंच्या बाबतीत मुलगी थबकली आणि म्हणाली, आमच्या पाठीवर एक भाऊ होता, चार महिन्यांचा असताना गेला. लिहायचं का, असं मी विचारलं. तिनं धाकट्या बहिणीला विचारून तासाभरानं कळवलं: लिहा, नावासकट.

दाखवायचं का, या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. पूर्ण मजकूर मंजुरीसाठी पाठवू नका. एकदा पाठवला की चार नातेवाईक चार विशेषणं घालतात, सहकाऱ्यांनी विश्वासानं सांगितलेलं काहीतरी निघून जातं, आणि भांडण झालंच तर ते दुःखात असलेल्या घरात होतं. त्याऐवजी लेखातली प्रत्येक पडताळण्याजोगी गोष्ट वेगळ्या कागदावर काढा: नावं, साल, गावं, पदं, नाती. आठशे शब्दांत अशा साधारण पंचवीस-तीस गोष्टी निघतात. मग फोन करून एकेक वाचा आणि प्रत्येकीनंतर थांबा. नावं अक्षर अक्षर करून वाचा, ऱ्हस्व-दीर्घ विचारा. घरच्यांचे म्हणून जे उद्गार वापरलेत तेही वाचून दाखवा, कारण दुःखात बोललेलं वाक्य छापलेलं बघताना वेगळं वाटतं आणि ते मागे घ्यायचा त्यांना हक्क आहे.

एवढं करूनही चूक राहिली, तर त्यांचा फोन यायच्या आधी तुम्ही करा. पुढच्या अंकात दुरुस्ती छापा आणि संकेतस्थळावरचा मजकूर त्याच दिवशी बदला. ते कात्रण घरात वर्षानुवर्षं जपलं जातं, त्यामुळे दुरुस्त केलेलं पानही छापून घरी पोचवा.

त्या शेवटच्या फोनवर मी मुलीला अठ्ठावीस गोष्टी वाचून दाखवल्या. दोन साल बदलले, एका आत्याच्या नावातली वेलांटी बदलली. खाटेवर झोपवण्याचा प्रसंग आला तिथे मी “छताकडे बघ” असं वाचलं, आणि तिनं मला थांबवलं. “आई छत म्हणायची नाही,” ती म्हणाली, “आढं म्हणायची.” सहकारी बाईंना पुन्हा फोन करून विचारलं, त्याही म्हणाल्या, हो हो, आढंच. मी तो एक शब्द बदलला आणि मजकूर छपाईला पाठवला.