स्वरतंतू लांब झाले की आवाज चढतो की उतरतो?

प्रश्न: वरच्या पट्टीत गाताना स्वरतंतू ताणून लांब होतात म्हणे. मग वयात येताना मुलांचे स्वरतंतू लांब होतात तर आवाज खाली का येतो? उलट नको का व्हायला?

या दोन लांब्या वेगळ्या आहेत, सगळा घोळ तिथेच होतो. मी पण बरेच दिवस यातच अडकलो होतो.

स्वरतंतू सेकंदाला जितक्या वेळा उघडमीट करतात ती मूळ वारंवारता, म्हणजे आपल्याला ऐकू येणारी पट्टी. ढोबळ हिशोबाला तारेचं सूत्र चालतं:

F = (1/2L) × √(σ/ρ)

L म्हणजे कंप पावणाऱ्या भागाची लांबी, σ ताण, म्हणजे तंतूच्या दर एकक छेदावर पडणारं ओढीचं बल, ρ घनता. आता लहान मुलाचा हा भाग ८ मिलिमीटर धरा, ताण १५ किलोपास्कल आणि घनता घनमीटरला १०४० किलो धरा, उत्तर येतं साधारण २३७ हर्ट्झ. ताण तोच ठेवून लांबी १६ मिलिमीटर करा, जी मोठ्या पुरुषाची जवळपास असतेच, तर ११९ हर्ट्झ. बरोब्बर एक सप्तक खाली, आणि मुलांचा आवाज उतरतोही साधारण तेवढाच. टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरयंत्राची कूर्चा पुढच्या बाजूला वाढते (कंठमणी दिसायला लागतो तो तिचाच कोपरा), आणि तंतू तिलाच जोडलेले असल्यामुळे तेही लांब होतात. मुलींमध्ये ही वाढ बरीच कमी होते म्हणून आवाज थोडाच उतरतो.

गाताना मात्र नवीन काही वाढत नाही, आहे तोच तंतू स्नायू ओढतो. समजा लांबी पाव पटच वाढली आणि आवाज एक सप्तक वर गेला, तर सूत्राप्रमाणे ताण सहा पटीहून जास्त वाढायला हवा, आणि तो वाढतो कारण ही पेशीजाल ओढत गेलं की झपाट्याने कडक होत जातं. लांबीमुळे जे उतरतं त्याच्यापेक्षा ताणामुळे जास्त चढतं.

आणि ते वजनाचं, ‘तंतू जाड झाले म्हणून आवाज जाड’ हे सगळीकडे लिहिलेलं असतं, पण वरच्या सूत्रात जाडी आहेच कुठे? तंतू जाड झाला की वजन वाढतं, पण ताण तोच ठेवायचा तर ओढणारं बलही त्याच प्रमाणात वाढतं आणि दोन्ही कटतात. जाडीचा परिणाम आवाजाच्या पोतावर जास्त होतो. अर्थात खरा तंतू थरांचा असतो, तार नव्हे, त्यामुळे जाडीचा पट्टीशी संबंधच नाही असंही नाही.

आवाज फुटतो तो काळ वेगळाच. मोजमाप बदललेलं असतं पण स्नायूंना जुन्याच सवयीने ओढायची सवय असते, मग बोलता बोलता तंतू एकदम पातळ, ताणलेल्या अवस्थेत उडी मारतात आणि मधेच चिरका सूर निघतो. काही जणांचा आवाज वाढ पूर्ण होऊनही तसाच बारीक राहतो. तेव्हा खोकायला सांगून बघतात, खोकला जाड आला तर बहुतेक वेळा यंत्र वाढलंय, वापरायची पद्धत जुनी आहे. अशांना स्पीच थेरपीने चांगला फरक पडतो.